व्यापार मेळ्यातल्या स्टॉलसाठी पोस्ट: आधी, चालू असताना आणि नंतर

दिल्लीच्या प्रगती मैदानावर दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो. महाराष्ट्राच्या दालनात सावंतवाडीची लाकडी फळं घेऊन बसणाऱ्या कारागिराचं उदाहरण घेते. फोटो, दरपत्रक, क्यूआर कोड तयार आहेत असं धरून चालते.

मेळ्याआधी तीनच पोस्ट पुरतात: एक तारखांची, एक मालाची, एक पत्त्याची. "लवकरच भेटूया" असल्या रोजच्या पोस्टना कोणी विचारत नाही. मात्र एक काम आधी उरका. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी फक्त त्यांनाच पोचते, ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये जतन केलाय. म्हणून महिनाभर आधीच जुन्या गिऱ्हाइकांना एकेकाला वेगळं लिहा, "नंबर सेव्ह करून ठेवा, स्टॉल कुठे आहे ते कळवेन." हे राहिलं तर मेळ्यात टाकलेली सगळी यादी वाया जाते आणि ते तुम्हाला कळतही नाही.

फळांच्या फोटोत हात किंवा ताटली असू द्या. नुसतं सीताफळ टाकलं की खरंच सीताफळ विकायला बसलाय असं वाटून लोक पुढे जातात, आणि आकाराचा अंदाजही येत नाही.

आता मेळा सुरू झाल्यावरच्या पोस्ट. मला सगळ्यात जास्त याच जड गेल्या, आणि यावरच सर्वात वाईट सल्ले मिळतात. "रोज लाइव्ह करा, सतत टाकत राहा" असं सांगणारा बहुधा कधी स्टॉलवर एकटा बसलेला नसतो. संध्याकाळी गर्दीत नेटवर्क रडतं, हात सुटे पैसे मोजण्यात गुंतलेले असतात, आणि दिव्यांच्या पिवळ्या उजेडात लाल डाळिंब तपकिरी दिसतं. म्हणून नियम एकच: दार उघडण्याआधी, सकाळच्या उजेडात दिवसाची एक पोस्ट. ती झाली की फोन खिशात.

त्या पोस्टमध्ये काय असावं ते दिवसावर ठरतं. या मेळ्यात साधारणपणे पहिले पाच दिवस व्यापाऱ्यांसाठी असतात, १९ तारखेपासून सर्वांसाठी. पहिल्या पाच दिवसांत "आजची खास सूट" लिहिणं मूर्खपणा आहे. दुकानदाराला हवं असतं ते एवढंच: कमीत कमी किती नग, माल किती दिवसांत मिळेल, पॅकिंग कसं. घाऊक दर मात्र पोस्टवर लिहू नका. विचारणाऱ्याला खासगीत सांगा. नाहीतर २० तारखेला एक सेट घेणारी बाई तोच स्क्रीनशॉट दाखवून भाव पाडते, आणि तिचं काही चुकत नाही.

१९ नंतर पोस्टने दोनच प्रश्नांची उत्तरं द्यावीत: तुम्ही नेमके कुठे बसलाय, आणि आज काय शिल्लक आहे. नकाशावरची पिन फक्त मैदानापर्यंत आणते, स्टॉलपर्यंत नाही. स्टॉल क्रमांक हातात पडला की दारापासून स्टॉलपर्यंत स्वतः चालत जा, आणि दिसेल ते लिहा. नमुना असा:

"महाराष्ट्र दालन, तळमजला. मुख्य दारातून आत आलात की डावीकडची दुसरी रांग, निळं तोरण. आज आंबा आणि काजूचे सेट आहेत. फणस संपला, परवा येतोय."

हाच मजकूर हिंदीतही टाका. दिल्लीतली मराठी मंडळी येतात, पण बहुतेक गिऱ्हाईक हिंदीच. तिकिटाची ओळही विसरू नका: मागच्या काही वर्षांत तिकिटं ठरावीक मेट्रो स्थानकांवर मिळतात, पण मैदानाला लागून असलेल्या सुप्रीम कोर्ट स्थानकावर नाही. यंदाची सोय पाहून लिहा, म्हणजे माणूस दारातून परत जाणार नाही.

"फणस संपला" लिहायला अनेकांना लाज वाटते. उलट त्यानेच लोक उरलेल्यासाठी घाई करतात. फक्त खोटं लिहू नका, शेजारच्या स्टॉलवाल्यालाही माहीत असतं तुमच्याकडे काय आहे ते.

दिवसभरात मिळालेल्या प्रत्येक व्हिजिटिंग कार्डामागे रात्री दोन शब्द खरडा: काय पाहिलं, किती मागितलं. सकाळपर्यंत सगळी कार्डं एकसारखी दिसायला लागतात.

मेळा संपल्यावर आभाराची पोस्ट एकच, छोटी. खरं काम कार्डांचं: चार दिवसांच्या आत प्रत्येक दुकानदाराला त्याने पाहिलेल्या वस्तूचाच फोटो, दर आणि मुदतीसकट पाठवा. सामायिक आभारसंदेश पाठवलात तर तो वाचलाच जात नाही. किरकोळ गिऱ्हाइकांसाठी उरलेल्या मालाची एक पोस्ट, कुरिअरचा खर्च किमतीत धरून. आणि एक पोस्ट जपणुकीची: फळं पाण्याने धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका. रंग उडाल्याच्या तक्रारी तिने कमी होतात.