n प्रयत्न, प्रत्येकी 1/n शक्यता: उत्तर १०० टक्के का नाही? या चुका टाळा

फासा सहा वेळा टाकायचा आहे. निदान एकदा तरी ‘सहा’ पडेल, याची शक्यता किती? एका वेळी १/६, टाकायचा सहा वेळा, म्हणजे ६ × १/६ = १, म्हणजे पडणारच! हे उत्तर देणाऱ्यालाही आठवत असतं की सहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडल्याचं आपण पाहिलंय. तरी हात आपोआप गुणाकाराकडे वळतो. खरी शक्यता साधारण ६६.५ टक्के आहे. फाशाऐवजी १०० चिठ्ठ्या घेतल्या, त्यातली एक बक्षिसाची, आणि दर वेळी चिठ्ठी परत टाकून १०० वेळा उचलली, तर ती ६३.४ टक्क्यांवर येते. n कितीही वाढवा, ६३.२ च्या खाली ती जात नाही.

शक्यतांची थेट बेरीज

दोन घटना एकाच वेळी घडू शकत नसतील तरच त्यांच्या शक्यता सरळ मिळवता येतात. पहिल्या फेकीत सहा आणि चौथ्या फेकीतही सहा, असं मात्र खुशाल घडू शकतं. बेरजेत असा निकाल दोनदा मोजला जातो. हे नुसतं वाचून पटत नाही, म्हणून एकदा सगळे निकाल मोजूनच बघू. सहा फेकींचे एकूण ४६,६५६ वेगवेगळे क्रम होतात. त्यांची विभागणी अशी:

| किती वेळा ‘सहा’ | किती क्रम |
|---|---|
| एकदाही नाही | १५,६२५ |
| एकदा | १८,७५० |
| दोनदा | ९,३७५ |
| तीनदा | २,५०० |
| चारदा | ३७५ |
| पाचदा | ३० |
| सहाही वेळा | १ |

आता या सगळ्या क्रमांत मिळून ‘सहा’ किती आले ते मोजा: १८,७५० + १८,७५० + ७,५०० + १,५०० + १५० + ६. बेरीज येते बरोबर ४६,६५६. म्हणजे सरासरी एका क्रमाला एक सहा! ६ × १/६ हा गुणाकार हीच सरासरी सांगत होता, आणि ती अचूकच होती. फक्त आपण विचारलेला प्रश्न वेगळा होता.

वाटणी समान झालेली नाही, खरी गोम इथे आहे. काही क्रमांना दोन-दोन, तीन-तीन सहा मिळाले. प्रत्येक क्रमाला एक सहा ठेवून वरचे जादा सहा मोजले, तर ९,३७५ + ५,००० + १,१२५ + १२० + ५ = १५,६२५ भरतात. रिकाम्या राहिलेल्या क्रमांची संख्याही नेमकी हीच आहे. एकाकडे जास्तीचा गेलेला प्रत्येक सहा म्हणजे दुसरीकडे एक रिकामा क्रम. मला या गणितातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो, आणि सूत्राच्या घाईत तोच निसटतो.

योग्य वाट उलटी आहे. आधी ‘एकदाही यश नाही’ याची शक्यता काढायची. दर प्रयत्नात अपयशाची शक्यता 1 − 1/n, प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र, म्हणून गुणाकार. मग ते १ मधून वजा करायचं:

P = 1 − (1 − 1/n)^n

सीमा काढताना अर्धीच राशी पुढे नेणं

n वाढत गेला की काय होतं, इथे दोन चुका होतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. कुणी म्हणतं, कंसातली संख्या १ कडे जाते, १ चा कोणताही घात १, म्हणून अपयश निश्चित आणि P शून्य. दुसरं कुणी म्हणतं, कंसातली संख्या १ हून लहान आहे, तिचा प्रचंड मोठा घात शून्याकडे जातो, म्हणून P एक. दोघांनीही n एका जागी वाढवला आणि दुसऱ्या जागी गोठवून ठेवला. n दोन्हीकडे एकच आहे, तो एकदमच वाढायला हवा.

लॉगरिदम घेतला की ही रस्सीखेच स्पष्ट दिसते:

n · ln(1 − 1/n) = −1 − 1/(2n) − 1/(3n²) − …

n वाढला की उजवीकडे फक्त −१ उरतो. म्हणून अपयशाची शक्यता 1/e, म्हणजे सुमारे ०.३६७९ कडे जाते आणि P सुमारे ०.६३२१ कडे. पुढची वजा पदं अपयशाची शक्यता 1/e पेक्षा थोडी कमी ठेवतात, त्यामुळे P नेहमी वरून खाली उतरत येतो: n = २ ला ७५ टक्के, १० ला ६५.१३, १०० ला ६३.४०, १००० ला ६३.२३. तुमचं उत्तर n बरोबर वाढताना दिसलं किंवा ६३.२१ च्या खाली गेलं, तर कुठेतरी चूक आहे हे नक्की समजा.

सूत्र भलत्या ठिकाणी लावणं

चिठ्ठी परत न टाकता १०० पैकी १०० उचलल्या तर बक्षीस मिळणारच. तिथे प्रयत्न स्वतंत्र नाहीत, म्हणून हे सूत्र लागू नाही. तसंच n ठरलेला असताना प्रयत्न वाढवले, तर उत्तर ६३ वर अडकत नाही. k प्रयत्नांसाठी, n मोठा असेल तर, P साधारण 1 − e^(−k/n) असतो. ९५ टक्क्यांपर्यंत पोचायला सुमारे 3n प्रयत्न लागतात. आणि n प्रयत्न वाया गेले म्हणून पुढच्या प्रयत्नाची शक्यता तसूभरही वाढत नाही, ती 1/n च राहते.

संगणकावर येणारं विचित्र उत्तर

सूत्र बरोबर लिहूनही पायथॉनमध्ये फसगत होते:

```python
n = 10**17
print(1 - (1 - 1/n)**n)   # 0.0
```

१ च्या लगत खाली संगणक साठवू शकतो असा दशांश आकडा साधारण 1.1 × 10^−16 इतका दूर असतो. 10^−17 त्यापुढे इतका लहान की वजाबाकीनंतरही १ च उरतो, आणि १ चा घात १. म्हणजे वरची ‘P शून्य’ वाली चूक इथे यंत्र करतं. n = 10^16 ला उत्तर शून्य येत नाही, ०.६७०५ च्या आसपास येतं. ते जास्त धोकादायक, कारण वरवर ते खरं वाटतं. १ च्या इतक्या जवळ वजाबाकी करायचीच नाही, हा उपाय:

```python
import math
print(-math.expm1(n * math.log1p(-1/n)))
```

`log1p` आणि `expm1` ही फलनं लहान फरक गिळू देत नाहीत, म्हणून 10^17 लाही ०.६३२१२… मिळतं.

यादृच्छिक आकडे घेऊन प्रयोग करत असाल आणि उत्तर १.०० च्या आसपास घुटमळत असेल, तर तुम्ही प्रत्येक फेरीतली यशं मोजून त्यांची सरासरी काढताय. प्रत्येक फेरीला ‘एक तरी मिळालं की नाही’ एवढंच विचारा. १०,००० फेऱ्यांत उत्तर ०.६३२ च्या दोन्ही बाजूंना ०.०१ पर्यंत हललं, तर त्यात चूक शोधू नका. एवढ्या फेऱ्यांत प्रमाण विचलनच जवळपास ०.००५ असतं.