अपार आयडी काढताना या चुका टाळा (आणि आमच्या खिडकीवरची रांग कमी करा)

परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली की आमच्या खिडकीवर एकच गर्दी होते आणि त्यातल्या निम्म्यांचा प्रश्न एकच असतो: "मॅडम, एबीसी आयडी चालत नाहीये." नंबर काढायला खरंच पाच मिनिटं लागतात. पण तो कुणाच्या डिजिलॉकरमधून काढला आणि त्यावर नाव काय आलं, हे बघायला कुणाकडे पाच सेकंद नसतात, आणि पुढचे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगते. २०२१ मध्ये युजीसीने अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली. प्रत्येक सेमिस्टरला मिळवलेले क्रेडिट या खात्यात जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. त्या खात्याचा १२ अंकी नंबर म्हणजे एबीसी आयडी. आता तोच अपार आयडी म्हणून शाळेपासून पुढे आयुष्यभर चालवायचा आहे. कॉलेजची मुलं तो डिजिलॉकरमधून स्वतः काढतात. शाळेत तो शाळाच पालकांच्या संमतीने तयार करते. म्हणून बारावी होऊन आलेल्यांनी नवा नंबर काढायच्या आधी डिजिलॉकरच्या Issued विभागात डोकावून बघावं, कदाचित तो आधीच आलेला असेल.

दुसऱ्याच्या लॉकरमधून नंबर काढणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. मागे एक मुलगी आली होती. पहिलं वर्ष आमच्याकडे केलेलं, दुसऱ्या वर्षाला दुसऱ्या विद्यापीठात जायचं होतं. तिकडे क्रेडिट खात्यात बघितलं तर तिच्या नावावर काहीच नाही. हातात दोन्ही सेमिस्टरच्या गुणपत्रिका, खातं मात्र कोरं. ती रडकुंडीला आली होती.

मी तिला एबीसी कार्ड उघडून दाखवायला सांगितलं. कार्डावर नाव तिच्या भावाचं. झालं होतं असं: घरात एकच स्मार्टफोन, भावाचा. त्यात त्याचं डिजिलॉकर आधीपासून उघडलेलं. तिने ॲप उघडलं, Academic Bank of Credits शोधलं, Get Document दाबलं, नंबर आला. नाव आणि जन्मतारीख लॉकरमधून आपोआप भरली जाते, म्हणून तिला काही टाइप करावं लागलं नाही आणि म्हणूनच तिने काही वाचलंही नाही. तोच नंबर तिने परीक्षा फॉर्ममध्ये भरला. भाऊ याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजात. म्हणजे एका नंबरावर दोन पीआरएन, विद्यापीठाचे दोन कायम नोंदणी क्रमांक! विद्यापीठाच्या त्रुटींच्या यादीत दोघांचीही नावं होती, दोघांचेही क्रेडिट अडकलेले. ती यादी नोटीस बोर्डावर लागली होती, पण नोटीस बोर्ड वाचतो कोण?

मी भावाच्या लॉकरमधून बाहेर पडून तिचं स्वतःचं लॉकर उघडायला लावलं. तिथे दुसरी अडचण. आधारचा ओटीपी जाणार वडिलांच्या जुन्या नंबरवर, आणि ते सिम केव्हाच बंद झालेलं. मग आधार केंद्रात जाऊन मोबाइल बदला, तो नोंद व्हायची वाट बघा, मग लॉकर, मग नवा नंबर, मग परीक्षा विभागाकडे दुरुस्तीचा अर्ज, सोबत आधार आणि नव्या कार्डाची प्रत. त्यानंतर विद्यापीठाने माहिती पुन्हा चढवली तेव्हा कुठे क्रेडिट दिसले. प्रवेश कसाबसा वाचला.

नेट कॅफेवाल्याकडून काढून घेणं हा याच चुकीचा धाकटा भाऊ. तो घाईत स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, पिनही स्वतःच ठरवतो आणि तुमच्या हातात फक्त प्रिंट ठेवतो. सहा महिन्यांनी लॉगिन करायला गेलात की ओटीपी त्याच्या फोनवर. अशा वेळी नवं खातं काढायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या आधारवर लॉकर आधीच आहे, तेच परत मिळवा: पिन विसरल्याचा पर्याय घ्या, आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून ओळख पटवा आणि आत गेल्यावर मोबाइल नंबर बदला.

माझी सवय सांगते. समोर बसलेल्या मुलाला मी आधी नंबर विचारतच नाही. कार्डावरचं नाव मोठ्याने वाचायला लावते. चूक असेल तर ती त्याला स्वतःलाच ऐकू येते.

आधार आणि गुणपत्रिका, दोन वेगळी नावं

आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुतेकांचं नाव आधी. हा क्रम बघून मुलं घाबरतात आणि थेट आधार बदलायला धावतात. असं करू नका! आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. आधी परीक्षा विभागात येऊन पीआरएनच्या नोंदीत तुमचं नाव कसं आहे ते विचारा. पुष्कळदा दुरुस्ती आमच्या नोंदीत करायची असते आणि ती एका अर्जावर होते.

खरा त्रास इंग्रजी स्पेलिंगचा. देवनागरीत नाव दोन्हीकडे तंतोतंत सारखं, पण इंग्रजीत एकीकडे Vaishnavi आणि दुसरीकडे Vaishnvi. क्रेडिट चढवताना माणूस नाव समजून घेतो, संगणक अक्षरं जुळवतो. इथे चूक आधारवर असेल तर मात्र आधारच दुरुस्त करा, कारण नोकरीपर्यंत तेच नाव पुढे जाणार आहे. दुरुस्ती झाल्यावर डिजिलॉकरच्या प्रोफाइलमध्ये जाऊन आधारची माहिती पुन्हा ओढून घ्या, नाहीतर तिथे जुनंच नाव दिसत राहतं.

लग्न झालेल्या मुलींनी शिक्षण चालू असताना आधारवर सासरचं नाव लावण्याची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लावलंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला घेऊन विद्यापीठातही नावबदलाचा अर्ज करा. एकाच ठिकाणी बदलून भागत नाही.

बाकीच्या, पटकन

आधार नंबरच एबीसीच्या रकान्यात भरणे. दोन्ही १२ अंकी, म्हणून फॉर्म काही बोलत नाही. आधारचे आकडे चार-चारच्या गटात असतात, एबीसी कार्डावरचे तीन-तीनच्या. पाठ करू नका, कार्ड समोर ठेवून भरा.

डिजिलॉकरमध्ये संस्था निवडताना कॉलेजचं नाव शोधत बसणे. संलग्न कॉलेजांत साधारणपणे विद्यापीठाचं नाव निवडायचं असतं. कॉलेजच्या सूचनेत काय लिहिलंय ते बघा.

पीआरएन अजून मिळालेला नाही म्हणून Identity Type मध्ये काहीतरी ठोकून देणे. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी New Admission हा पर्याय आहे.

शाळेचा ११ अंकी पेन नंबर अपार म्हणून सांगणे. तो वेगळा.

आणि निकाल लागून आठवडा झाला, क्रेडिट दिसत नाहीत म्हणून नंबर पुन्हा काढायचा प्रयत्न करणे. क्रेडिट तुम्ही चढवत नाही, विद्यापीठ चढवतं, आणि ते निकालानंतर सावकाश होतं. नंबर आणि नाव बरोबर असेल तर तुमच्याकडून करण्यासारखं काही उरलेलं नाही. पुढच्या सेमिस्टरचा फॉर्म भरेपर्यंत खातं कोरंच राहिलं, तर गुणपत्रिका आणि कार्डाची प्रत घेऊन या, तेव्हा बघू. दुपारी दोननंतर या, सकाळी बोनाफाइडवाल्यांची गर्दी असते.