सेगमेंट आणि रिलेटेड पार्टी : थिअरीच्या पेपरला बसण्याआधी

पेन, कॅल्क्युलेटर, हॉल तिकीट यांचं मी सांगत बसत नाही. आधी प्रश्न एएस 17 चा आहे की इंड एएस 108 चा, ते बघून घ्या. प्रायमरी आणि सेकंडरी सेगमेंट, म्हणजे व्यवसायाप्रमाणे आणि भूभागाप्रमाणे पाडलेले विभाग, ही एएस 17 ची भाषा. कंपनीचा मुख्य निर्णयकर्ता ज्या आकड्यांवर निर्णय घेतो तेच आकडे दाखवायचे, ही इंड एएस 108 ची. एका उत्तरात दोन्ही आले की तपासणाऱ्याला लगेच कळतं की गाइड वाचून आलाय. खाली सगळं एएस 17 आणि एएस 18 धरून आहे.

सेगमेंटच्या व्याख्येत ‘जोखीम आणि परतावा इतर विभागांपेक्षा वेगळे’ एवढे शब्द आले की पुरे. व्याज, आयकर आणि मुख्य कार्यालयाचा सर्वसाधारण खर्च सेगमेंटच्या खर्चात धरत नाहीत, हे एक वाक्य मात्र टाका. फुकटचा मार्क आहे.

आता कोणता विभाग वेगळा दाखवायचा ते ठरवणाऱ्या कसोट्या, 10 टक्के आणि 75 टक्के. मागच्या वेळी माझे मार्क इथेच गेले, म्हणून पहिल्यांदा तेच सांगतो: 10 टक्क्यांच्या कसोटीत बाहेरची विक्री अधिक अंतर्गत विक्री, 75 टक्क्यांच्या कसोटीत फक्त बाहेरची. डोक्यात वाक्य बरोबर असतं, पण आकडे समोर आले की हात आपोआप एकाच रकान्याकडे जातो. म्हणून एक उदाहरण स्वतःच्या हाताने सोडवा.

समजा एक साखर कंपनी आहे. कारखान्याची मळी डिस्टिलरीला जाते, बगॅस वीजनिर्मितीला जातं आणि तयार झालेली बरीचशी वीज कारखानाच वापरतो. आकडे लाखांत. साखर विभागाची बाहेरची विक्री 240 आणि अंतर्गत 160, म्हणजे 400. डिस्टिलरीची 100, सगळी बाहेरची. विजेची बाहेर फक्त 20, अंतर्गत 80, म्हणजे 100. उरले खत 60, पशुखाद्य 50 आणि किरकोळ विक्री 50, सगळी बाहेरची.

एकूण 760, त्याचे 10 टक्के 76. साखर, डिस्टिलरी आणि वीज बसले. इथे घाईत फक्त बाहेरची विक्री धरली तर एकूण 520 आणि उंबरठा 52. मग 20 वाली वीज बाहेर पडते आणि 60 वालं खत आत येतं. पायाच चुकला, की पुढे कितीही टापटीप लिहा.

पुढची पायरी 75 टक्क्यांची. आता अंतर्गत रकाना झाकून टाका, खरंच हाताने झाका. बसलेल्या तिघांची बाहेरची विक्री 240, 100 आणि 20, म्हणजे 360. कंपनीची बाहेरची एकूण 520, तिचे 75 टक्के 390. तीस कमी पडतात. म्हणजे 10 टक्के न गाठणारा आणखी एक विभाग घ्यावाच लागतो. खत घेतलं तर 420 होतात आणि काम झालं. खतच घ्या असं एएस 17 सांगत नाही, पशुखाद्य घेतलं तरी 410 होतात. पण अंतर्गत रकाना झाकला नाही, तर 760 पैकी 600, म्हणजे जवळपास 79 टक्के दिसतात आणि आपण ‘कसोटी पूर्ण’ लिहून मोकळे होतो. आकडेमोड बिनचूक, उत्तर चूक. परत एकदा: 10 ला दोन्ही, 75 ला फक्त बाहेरची.

विक्रीत न बसलेला विभाग निकालावर किंवा मालमत्तेवर बसू शकतो. तिन्ही कसोट्यांमध्ये ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. निकालाच्या कसोटीत नफ्यातले विभाग एकीकडे आणि तोट्यातले दुसरीकडे ठेवायचे, दोन बेरजांपैकी जी मोठी तिचे 10 टक्के. वरच्या कंपनीत साखर 40 तोट्यात, किरकोळ विक्री 4 तोट्यात, डिस्टिलरी 30 नफ्यात, वीज 18, पशुखाद्य 3, खत 2. नफा 53, तोटा 44, म्हणून उंबरठा 5.3. किरकोळ विक्री बसत नाही. दोन्हींची वजाबाकी करून 9 काढले आणि त्याचे 10 टक्के धरले, तर सहाही विभाग बसतात. सगळेच बसले की समजा, वजाबाकी झालीय. मालमत्तेची कसोटी सरळ आहे, सगळ्या विभागांच्या एकूण मालमत्तेच्या 10 टक्के. आणि मागच्या वर्षी 10 टक्क्यांवर बसलेला विभाग यंदा खाली आला, तरी एएस 17 प्रमाणे तो दाखवावाच लागतो.

नुसतं ‘रिपोर्टेबल सेगमेंट म्हणजे काय’ असं विचारलं तरी ‘बाह्य व अंतर्गत मिळून’ आणि ‘केवळ बाह्य’ हे शब्द लिहून अधोरेखित करा. हो, तिसऱ्यांदा सांगतोय.

रिलेटेड पार्टीचं उत्तर तीन तुकड्यांत लिहा: एएस 18 काय म्हणतं, दिलेल्या प्रकरणात काय आहे, म्हणून काय. परिच्छेद क्रमांक आठवत नसेल तर टाकू नका. पहिल्या तुकड्यात ‘अहवाल काळात कोणत्याही वेळी’ हे शब्द हवेतच, कारण प्रश्न बहुधा त्यावरच बेतलेला असतो. उदाहरणार्थ, कंपनी व्यवस्थापकीय संचालकाच्या भावाच्या मालकीच्या फर्मला माल विकते. संचालक 30 सप्टेंबरला पद सोडतो. तोवर विक्री 60 लाख, नंतर मार्चपर्यंत 40 लाख. वर्षअखेरीला नातं उरलेलं नाही म्हणून काहीच दाखवायचं नाही, असं लिहिणारे खूप. नातं होतं त्या काळातले 60 लाख दाखवायचे, नंतरचे 40 नाहीत. आणि ‘विक्री बाजारभावानेच झाली’ हे वाक्य प्रश्नात निव्वळ चकवा म्हणून असतं. भाव रास्त असला तरी प्रकटीकरण टळत नाही.

नातेवाइकांत पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आई, वडील. मेहुणे, काका वगैरे एएस 18 मध्ये नाहीत. दोन कंपन्यांत एक संचालक सामाईक आहे एवढ्यावर त्या संबंधित ठरत नाहीत. बँक, सरकारी खातं, एकाच मोठ्या ग्राहकावरचं अवलंबित्व, हेही नुसत्या नेहमीच्या व्यवहारावरून नाही.

नियंत्रण असेल तर व्यवहार शून्य असला तरी नाव आणि नातं दाखवायचं. व्यवहार असेल तर नाव, नातं, प्रकार, रक्कम किंवा प्रमाण, वर्षअखेरीची बाकी, बुडीत तरतूद, निर्लेखन. एवढं पाठ करा.

वेळ उरला तर सेगमेंटच्या उत्तराकडे परत या आणि 75 टक्क्यांच्या ओळीत कोणता रकाना धरलाय ते बघा.