भरीत काही वर्षभर नसतं

जळगावकडच्या आहाराच्या अभ्यासासाठी आमच्या प्रश्नावलीत ‘भरीत आठवड्यातून किती वेळा?’ एवढंच होतं. हिवाळ्यात विचारलं की बाया सांगत, तीनदा. वर्षाचे झाले १५६! पण भरिताचा हंगाम चारच महिन्यांचा धरला, तर साधारण ५१.

प्रश्नावलीच्या या आकड्यांचा त्याच बायांच्या आहार-नोंदींशी सहसंबंध मात्र झकास, कारण सगळ्यांचेच आकडे सारख्या पटीत फुगलेले. दोन्ही पद्धतींतला फरक त्यांच्या सरासरीसमोर आलेखावर मांडला, तेव्हा जास्त खाणाऱ्यांचे ठिपके वर सरकत गेले. नोंदी उन्हाळ्यातल्याही होत्या म्हणून सापडलं. नुसत्या हिवाळ्यातल्या असत्या तर दोन्ही आकडे बिनबोभाट जुळले असते.

आता दोन प्रश्न विचारतो: कोणत्या महिन्यांत, आणि तेव्हा आठवड्याला कितीदा? तेलाचं मात्र असं जमत नाही. घरात महिन्याला किती लागतं आणि जेवणारे किती, तेच विचारावं लागतं.