दिंडीचं सामान : गाडीत काय टाकायचं अन् सोबत काय ठेवायचं

आषाढी जवळ आली की गावात भिशी गोळा होते अन् सामानाची यादी निघते. ती यादी बहुतेक वेळा किराणा दुकानाचीच असते, पीठ किती, डाळ किती, तेल किती. तेवढं लागतंच, पण वाटंवर अडचण येते ती सामान नाही म्हणून नाही, तर सामान गाडीत आहे आणि गाडी सकाळीच पुढच्या मुक्कामाला गेलीय म्हणून. त्यामुळं यादी करतानाच प्रत्येक वस्तूपुढं दोनपैकी एक शब्द लिहायचा, 'गाडी' नाहीतर 'सोबत'.

हिशोबाला ६० माणसांची दिंडी धरू. अंबाजोगाईकडून निघाली, कळंब, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी करत पंढरपूरला चाललीय.

आधी शिधा. ज्वारीच्या एक किलो पिठात साधारण १० ते १२ भाकरी होतात, माणशी दोन धरल्या तर एका वेळेला १२० भाकरी, म्हणजे ११-१२ किलो पीठ. खिचडी करायची तर डाळ-तांदूळ मिळून माणशी १०० ग्रॅम, म्हणजे ६ किलो. चहाला एका वेळी ३ लिटर दूध, तेवढंच पाणी, पाऊण किलोच्या आसपास साखर. हे आकडे घ्यायचे अन् किती वेळा स्वतः शिजवायचंय त्यानं गुणायचं. इथंच लोक चुकतात, सगळ्या दिवसांचे दोन्ही वेळचे धरतात. वाटंवरच्या गावांत पंगती ठरलेल्या असतात, तेव्हा निघायच्या आधी त्या त्या गावाला फोन लावून कुठल्या दिवशी कुणाकडं जेवण आहे हे वहीत लिहून घ्या, त्या वेळा वजा करा अन् एक दिवसाचा शिधा जादा ठेवा, कारण पाऊस लागला की एखादी पंगत हुकते.

पीठ मात्र सगळं एकदम दळून नेऊ नका. पावसाळी हवेत ते ओल धरतं, वास मारायला लागतं, भाकरी थापताना तुटते. दोन-तीन दिवसांचं पीठ अन् बाकी ज्वारी न्या, मुक्कामाच्या गावात गिरणी असतेच. एकादशीला दिंडी पंढरपुरात असते, त्या दिवसाचा साबुदाणा, भगर अन् दाण्याचं कूट वेगळ्या डब्यात चिकटपट्टी लावून ठेवायचं, म्हणजे आचारी ते आधीच काढत नाही.

दुपारचं जेवण 'सोबत'चं असेल, म्हणजे सकाळी करून घेऊन चालायचं असेल, तर वरण-भात अजिबात नको. उन्हात चार-पाच तास बंद डब्यात राहिलेला भात बाधतो अन् जुलाब झाले की सगळी दिंडी अडकते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सोबत कांदा, हे टिकतं. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला निदान ३ लिटर धरा, म्हणजे ६० जणांना २० लिटरचे ९-१० जार. विहिरीचं किंवा टँकरचं पाणी भरलं तर क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिल्याप्रमाणं टाकून अर्धा तास थांबायचं, लगेच प्यायला दिलं तर टाकून उपयोग नाही.

आता गाडी. छोटा टेम्पो असो की आयशर, भरायचा नियम एकच, मुक्कामाला जे आधी लागतं ते शेवटी चढवायचं. पोचल्यावर आधी काय लागतं? ताडपत्री, राहुटीचे बांबू अन् दोऱ्या, मग शेगडी, गॅस, चहाचं पातेलं. वळकट्या सगळ्यात शेवटी लागतात म्हणून त्या तळाशी, पण त्यांच्या खाली अन् वर प्लास्टिक पाहिजेच. गॅसची टाकी उभी अन् दोरीनं बांधलेली, रेग्युलेटर काढून ठेवलेला. प्रत्येक पिशवीवर ऑइल पेंटनं नंबर टाका, नुसतं नाव नको, एकाच आडनावाच्या पाच पिशव्या निघतात. माणूस, नंबर अन् घरचा फोन हे तिन्ही एका वहीत. चढवताना एकानं नंबर पुकारायचा अन् दुसऱ्यानं टिक करायची, उतरवताना पुन्हा तेच. याला दहा मिनिटं जातात पण रात्री अंधारात टॉर्च घेऊन वळकटी शोधत फिरायची वेळ येत नाही.

औषधाच्या पेटीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथं 'गाडी' लिहिलं की घोटाळा झालाच. समजा येरमाळ्याहून दिंडी बार्शीकडं निघालीय अन् गाडी पुढं गेलीय. दोन तासांनी एका मावशीच्या टाचंला फोड आला. पेटी गाडीत, म्हणून मावशी तशाच चालतात, फोड फुटतो, आत चिखल जातो, दुसऱ्या दिवशी पाय टेकत नाही. म्हणून पेट्या दोन करा. मोठी गाडीत, अन् लहान पिशवी दिंडीच्या शेवटी चालणाऱ्या माणसाकडं. पुढच्याकडं नाही, शेवटच्याकडंच, कारण ज्याला त्रास होतो तो मागं पडतो.

त्या लहान पिशवीत चिकटपट्टी, गॉज, बेटाडिन, ओआरएस, पॅरासिटामॉल, साखर, कात्री अन् पाण्याची एक भरलेली बाटली. फोड सुईनं फोडायचा नाही, धुवायचा, कोरडा करायचा, गॉज ठेवून पट्टी लावायची. त्याहून चांगलं म्हणजे जागा लाल होऊन चुरचुरायला लागली की तेव्हाच पट्टी लावायची. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच, ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी कालवू नका, अन् केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्या. दुखण्यावर डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या कुणी सरसकट वाटत असेल तर थांबवा, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या किडनीला त्रास देतात, बीपीवाल्यांना तर जास्तच.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची नावं शेवटच्या माणसाकडं लिहिलेली पाहिजेत. घाम फुटला, हात थरथरायला लागले, माणूस भलतंच बोलायला लागला तर तीन चमचे साखर पाण्यात देऊन बसवा, १५ मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ १०८ ला फोन. स्वतःची रोजची औषधं कुणीही वळकटीत टाकायची नाहीत, दोन दिवसांची अंगावरच्या पडशीत ठेवायची.

राहिलं हरवल्या-सापडल्याचं. माउलींच्या सोहळ्यात समाज आरतीच्या वेळी चोपदार हरवलेल्या अन् सापडलेल्या वस्तू पुकारतात, लहान दिंडीनं पण हीच रीत धरावी. रोज हरिपाठानंतर, एकाच माणसानं, एकाच वहीतून. सापडलेली वस्तू मिळाल्याबरोबर त्याच्याकडं द्यायची, कुठं अन् कधी सापडली ते लिहायचं. पैसे असतील तर दोघांसमोर मोजून आकडा लिहायचा. पुकारताना मात्र 'एक पाकीट सापडलंय' एवढंच म्हणायचं, रंग, आतले पैसे, कागद काही सांगायचं नाही, ते मालकानं सांगायचं. खूण जुळली की सही किंवा अंगठा घेऊन परत.

मोबाईलसाठी तयारी निघायच्या आधीच लागते. प्रत्येकाच्या फोनवर *#06# दाबून येणारा आयएमईआय नंबर वहीत त्याच्या पिशवीच्या नंबराशेजारी लिहून घ्या. फोन हरवला तर आधी रिंग द्या, सापडला नाही तर सिम बंद करा, जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देऊन तिची प्रत घ्या अन् संचार साथीच्या वेबसाइटवर तो नंबर ब्लॉक करा. आयएमईआय जवळ नसला की इथंच सगळं अडतं, घरी फोन करून खोका शोधायला लावावा लागतो. अन् कुणाला दुसऱ्याचा फोन सापडला तर तो स्विच ऑफ करायचा नाही, चार्ज करून चालू ठेवायचा, मालकाचा किंवा घरच्यांचा फोन त्याच्यावरच येतो.

पंढरपूरपर्यंत ज्याचा मालक मिळाला नाही ते सामान कुणा एकाच्या घरी जाऊ देऊ नका. दिंडीतल्या माणसाचं असण्यासारखं म्हणजे चष्मा, चप्पल, टाळ, शाल हे वहीसोबत गावच्या मंदिरात ठेवा, अन् पैसे, दागिना, ओळखीचे कागद हे तिथंच पोलिसांकडं देऊन पोच घ्या.