नव्या ग्राहकाची उधारीची मर्यादा ठरवताना : तयारीची यादी

ही यादी वायर, स्विच, पंखे असा विजेचा माल दुकानदारांना आणि ठेकेदारांना घाऊक भावाने देणाऱ्या व्यापाऱ्यासाठी आहे. नवे खाते उघडण्यापूर्वी, म्हणजे पहिली गाडी निघण्यापूर्वी, ती पूर्ण करावी.

प्रथम ग्राहकाचा जीएसटी क्रमांक घेऊन जीएसटीच्या संकेतस्थळावर शोधावा. तेथे नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, मालकाचे कायदेशीर नाव आणि विवरणपत्रे केव्हा भरली हे कोणालाही पाहता येते. चार-पाच महिने विवरणपत्रे उशिरा भरली असतील, तर पैशाची ओढाताण आहे असे धरून चालावे. या क्रमांकातील सहावे अक्षरही पाहावे, कारण ते पॅनमधील चौथे अक्षर असते : P म्हणजे एकटा मालक, F म्हणजे भागीदारी, C म्हणजे कंपनी. बिल नेमके कोणाच्या नावाने फाडायचे आणि उद्या पैसे अडलेच तर नोटीस कोणाला पाठवायची, हे त्यावरून समजते. पाटीवरचे दुकानाचे नाव तेवढे सांगत नाही.

ग्राहकाने स्वतः दिलेल्या ओळखी मात्र फारशा कामाच्या नसतात, कारण ज्यांचे पैसे वेळेवर दिले त्यांचीच नावे तो देणार. त्यापेक्षा त्या रस्त्यावर नेहमी माल उतरवणारा वाहतूकदार आणि दुसऱ्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी यांच्याकडे चौकशी करावी.

यानंतर मर्यादेचा हिशेब करावा, आणि तो ग्राहकाच्या मागणीवरून नव्हे, तर आपल्याला किती बुडालेले सोसेल यावरून करावा. समजा, 2,00,000 रुपयांचा माल 18 टक्के करासह 2,36,000 रुपयांना दिला, नफा 8 टक्के म्हणजे 16,000 रुपये, आणि पैसे बुडाले. कर आपण सरकारकडे भरलेला असतो आणि पैसे बुडाले म्हणून तो परत मिळत नाही. त्यामुळे खिशातून गेलेली रक्कम 2,20,000 रुपये होते. ती 8 टक्के नफ्यातून भरून काढायला आणखी 27,50,000 रुपयांची विक्री लागेल, आणि त्या विक्रीतला खर्च अजून धरलेलाच नाही.

म्हणून नव्या खात्याची कमाल बाकी आपल्या एका महिन्याच्या निव्वळ नफ्यापेक्षा जास्त असू नये, असा नियम मी सुचवेन. हा नफा 1,20,000 रुपये आहे आणि ग्राहक महिन्याला 1,50,000 रुपयांचा माल 30 दिवसांच्या उधारीवर मागतो आहे, असे धरू. करासह ही विक्री महिन्याला 1,77,000, म्हणजे दिवसाला 5,900 रुपये होते. तीस दिवसांची मुदत दिली की पैसे साधारण चाळिसाव्या दिवशी येतात, आणि तोवर बाकी 2,36,000 वर पोहोचते, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. मुदत 15 दिवसांची ठेवून पाच दिवसांचा उशीर धरला, तर बाकी 1,18,000 होते आणि मर्यादेत बसते. यावर ग्राहक कुरकुरला, तर वरचा माल रोखीने द्यावा; मर्यादा वाढवू नये.

टॅलीत त्या खात्याला बिलनिहाय बाकी, मुदत आणि मर्यादा या तिन्ही गोष्टी भराव्यात. निघालेल्या पण बिल न झालेल्या चलनाचा माल आणि न वटलेला धनादेशही बाकीतच मोजावा, नाहीतर मर्यादा कागदावरच राहते. ती ओलांडण्याची परवानगी विक्री प्रतिनिधीला नसावी, कारण त्याचे कमिशन विक्रीवर असते. मुदत, उशिराचे व्याज आणि माल थांबवण्याची अट ग्राहकाच्या सही-शिक्क्यासह लेखी घ्यावी. धनादेश न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत मागणीची नोटीस गेली पाहिजे. त्यामुळे बँकेचा परतीचा कागद कोण सांभाळणार, हेही आधीच ठरवावे. उद्यम नोंदणी आहे म्हणून विलंबित देयकांचे संरक्षण मिळेल, या भरवशावर व्यापाऱ्याने राहू नये. ते उत्पादक आणि सेवा देणाऱ्या लघुउद्योगांसाठी आहे.

पहिले तीन महिने मर्यादा वाढवू नये. या काळात एक नमुना ओळखता आला पाहिजे : पहिली तीन बिले मुदतीआधी चुकती होतात आणि चौथी मागणी एकदम तिप्पट येते, तीही तांब्याच्या वायरच्या कॉइलचीच, आणि माल दुकानाऐवजी दुसऱ्याच पत्त्यावर उतरवायला सांगितला जातो. तांब्याची वायर कोठेही तोट्यात पण रोखीने खपते, हे यामागचे कारण. अशा मागणीला निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत आणि माल नोंदणीच्या पत्त्यावरच उतरवावा; खरा ग्राहक असेल तर तो थोडी घासाघीस करून हे मान्य करतो.