आगाऊ रक्कम पाठवण्याआधी: कागद खरा आहे, पण माणूस तोच आहे का?

घाऊक खरेदी-विक्रीच्या पोर्टलवर सापडलेल्या व्यापाऱ्याला पैसे पाठवण्याआधी बहुतेक लोक जीएसटी नंबर टाकून बघतात, 'अॅक्टिव्ह' दिसलं की निश्चिंत होतात आणि फसतात. कारण हल्लीचे ठग खोटा नंबर देतच नाहीत. ते चालत्या, प्रामाणिक पेढीचा खरा नंबर देतात. प्रमाणपत्रही खरं असतं, कुठल्या तरी जुन्या बिलासोबत आलेलं नाहीतर नेटवरून उचललेलं. म्हणून तपासणीचा प्रश्न 'ही पेढी आहे का?' असा नको. 'फोनवर बोलणारा माणूस त्याच पेढीचा आहे का, आणि पैसे त्याच पेढीच्या खात्यात जाणार आहेत का?' असा हवा. खालची सगळी तयारी या दोन जोडण्या पक्क्या करण्यासाठी आहे.

एक प्रकरण समोर ठेवतो. माझ्याकडे जीएसटीचं काम असलेल्या जयसिंगपूरच्या एका सुकामेवा दुकानदारांना दिवाळीसाठी ३०० किलो काजू हवे होते, डब्ल्यू-३२० प्रतीचे, म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर बसतात ते. नेहमीच्या ठिकाणी भाव ८००च्या आसपास सांगत होते. पोर्टलवर चौकशी टाकल्यावर तासाभरात तमिळनाडूतल्या पनरुटीचा म्हणून एकाचा फोन आला. भाव ६९०, दहा किलोचे ३० डबे, ४० टक्के आगाऊ, म्हणजे ८२,८०० रुपये. पनरुटी काजूचं मोठं केंद्र आहे, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी होती. नावापुढे पोर्टलचा पडताळणीचा शिक्काही होता. असा शिक्का असला की बहुधा त्याने कागद चढवलेले असतात आणि वर्गणी भरलेली असते, एवढंच धरा. माल कसा आहे, हे त्यावरून कळत नाही.

पहिलं काम, फोनवरचं बोलणं थांबवून प्रोफॉर्मा इन्व्हॉइस मागवा. त्यावर पेढीचं पूर्ण नाव, पत्ता, जीएसटी नंबर, मालाचा एचएसएन, डब्यांची संख्या आणि बँकेचा तपशील एकाच कागदावर हवा. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना नंबरही. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो, आधार कार्ड, उद्यम प्रमाणपत्र हे कागद न मागता धडाधड येतात. ते बाजूला ठेवा. उद्यम नोंदणी तर मुळात स्वतःच्या घोषणेवर मिळते. एकाच कागदाचा आग्रह यासाठी, की नाव एका मेसेजमध्ये आणि खातं दुसऱ्या मेसेजमध्ये आलं की विसंगती डोळ्यात भरत नाही.

आता जीएसटी नंबर नुसता टाकू नका, वाचा. पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, तमिळनाडूचे ३३. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर P असेल तर एकट्याचा धंदा, F असेल तर भागीदारी, C असेल तर कंपनी. माणूस 'आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे' म्हणतो आणि नंबरात P दिसतो, तर संभाषण तिथेच अडखळायला हवं. मग services.gst.gov.in वर करदाता शोध उघडा. कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही लिहून घ्या, कारण बँकेच्या पायरीला दोन्ही लागतील. नोंदणीची तारीख बघा. 'वीस वर्षांचा कारखाना' असेल आणि नोंदणी चार महिन्यांपूर्वीची, तर विचारा. जुन्या पेढ्यांना बहुधा ०१/०७/२०१७ दिसते. जीएसटी त्या दिवशी सुरू झाला, एवढाच तिचा अर्थ. नोंदणी निलंबित दिसली तर व्यवहार थांबवा.

त्याच पानावर दोन गोष्टी लोक बघत नाहीत. एक, करदात्याचा प्रकार. 'कंपोझिशन', म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीची ठरावीक दराने कर भरायची योजना, असेल तर त्याला परराज्यात माल विकताच येत नाही. पनरुटीहून जयसिंगपूरला बिल करतो म्हणणारा कंपोझिशनवाला एक तर कायदा मोडतोय किंवा नंबर त्याचा नाही. दुसरी, रिटर्न भरल्याचा तक्ता. GSTR-3B दर महिन्याला किंवा, छोट्या पेढीचं असेल तर, तिमाहीला भरलेलं दिसायला हवं. तिमाहीच्या रांगा बघून घाबरू नका. मध्येच सहा महिने कोरे असतील तर मात्र चौकशी करा.

जयसिंगपूरच्या प्रकरणात हे सगळं स्वच्छ होतं. नंबर ३३चा, पॅनमध्ये P, मालात काजू, रिटर्न वेळेवर. दुकानदार पैसे पाठवायलाच निघाले होते. पण त्या पानावर पेढीचा फोन नंबर दिसत नाही, आणि ठगाची जागा नेमकी तिथे आहे.

म्हणून पहिली जोडणी, फोनची. कोटेशनवरचा नंबर वापरून पेढीची खात्री करू नका. तो नंबर ठगाचाच असेल तर खात्रीही ठगच देईल. पेढीशी संपर्काचा वेगळा रस्ता शोधा. त्यांच्या मालाच्या डब्यावर छापलेला नंबर, त्या गावातला दुसरा काजू कारखाना, तिकडे गाडी लावणारा ट्रान्सपोर्टवाला. नकाशावरचा नंबर कुणीही बदलून टाकू शकतो, त्यावर एकट्यावर विसंबू नका. आम्ही ओळखीच्या काजू दलालाकडून त्या गल्लीतल्या शेजारच्या कारखान्याचा नंबर मिळवला. त्यांनी मालकाला फोन जोडून दिला. मालकाला हिंदी जेमतेम, पण 'जयसिंगपूर? ऑर्डर? नाही' एवढं कळलं. त्यांच्या नावाने असे फोन आधीही येऊन गेले होते.

व्हिडिओ कॉल मागत असाल तर नीट मागा. गोदामाचे व्हिडिओ सहज चोरता येतात. चालू कॉलवर एका कागदावर तुमच्या दुकानाचं नाव आणि आजची तारीख लिहून डब्यांच्या थप्पीवर ठेवायला सांगा, आणि कॉल न तोडता फाटकापर्यंत चालत जाऊन पाटी दाखवायला सांगा. खऱ्या कारखानदाराला याचा थोडा राग येईल, पण करेल. दुसऱ्याला नेमकं तेव्हाच नेटवर्क मिळत नाही.

नमुना मागवा, पण त्याचा अर्थ मर्यादित ठेवा. एक किलो उत्तम काजू कुणीही बाजारातून घेऊन पाठवू शकतो. काजूपेक्षा पाकीट बोलकं असतं. कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर टाकून पार्सल कुठल्या शाखेत बुक झालं ते बघा. इथे पनरुटीचा माल उत्तरेतल्या एका शहरातून निघाला होता. 'आमचं तिकडे ऑफिस आहे,' असं उत्तर आलं. पण त्या पॅनवर त्या राज्यातली जीएसटी नोंदणीच नव्हती.

दुसरी जोडणी खात्याची, आणि वेळ कमी असेल तर बाकी सोडून ही करा. आयएफएससीची पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य आणि शेवटची सहा शाखेची. कोड शोधला की शाखेचं गाव कळतं. मग खातेदाराचं नाव. रिझर्व्ह बँकेने एनईएफटी आणि आरटीजीएस करताना पैसे जाण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५पर्यंत द्यायला बँकांना सांगितलं होतं, ती वापरा. दिसणारं नाव जीएसटीवरच्या कायदेशीर किंवा व्यापारी नावाशी जुळलंच पाहिजे. एकट्याच्या धंद्यात मालकाच्या स्वतःच्या नावाचं खातं असू शकतं, ते चालेल, कारण तेच नाव कायदेशीर नाव म्हणून दिसतं. पण 'अकाउंटंटचं खातं आहे', 'करंट खात्याचं ऑडिट चालू आहे, भावाच्या खात्यात टाका' हे चालणार नाही. यूपीआयचा क्यूआर पाठवला तरी स्कॅन केल्यावर येणारं नाव वाचा. वरचं छापलेलं नाव नव्हे.

कागद आणि या दोन्ही जोडण्या जुळल्या तरी पहिल्या ऑर्डरला ४० टक्के देऊ नका. पाच डबे पूर्ण पैसे देऊन घ्या आणि बाकीचं दुसऱ्या खेपेला. 'गाडी भरली, उरलेले आता टाका' म्हणून बिल्टी आणि ई-वे बिलाचा फोटो आला तर फोटोवर जाऊ नका. तुम्ही नोंदणीकृत असाल तर तुमच्या जीएसटीवर दुसऱ्याने काढलेलं ई-वे बिल तुमच्याच लॉगिनला ewaybillgst.gov.in वर दिसतं. तिथे नसेल तर ते बिल तुमच्या नावावर निघालेलं नाही. पैसे आधीच गेले असतील तर त्याच्याशी वाद घालण्यात वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन लावा.

निर्यातीत उलटा प्रकार चालतो. माल तुमचा आणि आगाऊ पैसेही तुमच्याकडूनच मागितले जातात. सांगलीच्या हळदवाल्याला परदेशातून कंटेनरची ऑर्डर येते, भावाची घासाघीस नाही, आणि आठवड्याने 'आमच्या देशात पुरवठादार म्हणून नोंदणीची फी' किंवा 'करार करणाऱ्या वकिलाची फी' भरायला सांगतात. खरा खरेदीदार आधी मालाबद्दल पिडतो. कुरकुमिन किती टक्के, ओलावा किती, शिसं आणि कीटकनाशकांचा अहवाल आहे का, वाफेवर निर्जंतुक केली आहे का. हे एकही न विचारता कंटेनर मागणाऱ्याच्या मागे वेळ घालवू नका.

तपासणीची रीत इथेही तीच. ब्रिटनची कंपनी असेल तर तिथल्या कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीज हाउसच्या साइटवर स्थापनेची तारीख, संचालक आणि दाखल केलेले हिशेब फुकट दिसतात. कंपनी खरी निघाली तरी ईमेलचा पत्ता तिच्या अधिकृत साइटचाच आहे ना, एखादं अक्षर जास्तीचं नाही ना, ते बघा आणि साइटवरच्या फोनवर स्वतः फोन करा. पैसे पाठवल्याची स्विफ्टची, म्हणजे बँकांमधल्या संदेशाची पीडीएफ आणि एलसीची, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशाच्या हमीची पीडीएफ, दोन्हींची किंमत शून्य. एलसी तुमच्या बँकेकडे स्विफ्टने येते आणि तुमची बँक तुम्हाला कळवते. टीटी, म्हणजे परदेशातून बँकेमार्फत थेट पाठवलेले पैसे, तुमच्या खात्यात जमा झाल्याचं तुमची बँक सांगते. उधारीवर द्यायचं असेल तर निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणाऱ्या सरकारी ईसीजीसीकडे त्या खरेदीदाराची पत मर्यादा मागा, ते त्याची माहिती काढूनच ठरवतात. मर्यादा मिळाली नाही तर पूर्ण टीटी आधी किंवा एलसी, आणि दोन्हीला नकार देणाऱ्याचा कंटेनर भरायचा नाही.